येईनासा झालेल्या भागीदाराचा हिशेब

तिघांच्या पेढीत एक जण यायचा हळूहळू कमी होतो. आधी शनिवार चुकतात, मग सोमवारही. दुसरीकडे जमिनीच्या व्यवहारात किंवा मुलाच्या धंद्यात त्याचं मन गुंतलेलं असतं. बँकेच्या कागदावर सही हवी असली की त्याला फोन करून बोलवावं लागतं. उरलेले दोघं वर्ष-दोन वर्षं काही बोलत नाहीत, कारण तो वर्गमित्र असतो, चुलतभाऊ असतो, सुरुवातीच्या दिवसांत पहिली ऑर्डर त्यानेच आणलेली असते. आणि मग एका मार्चअखेर ताळेबंदावर सह्या करताना कुणीतरी म्हणतं, “ह्याला तिसरा हिस्सा कशाचा द्यायचा?”

या लेखात बोलायचं आहे ते याच प्रश्नाबद्दल, आणि तेही साध्या भागीदारी पेढीपुरतं. महाराष्ट्रातले छोटे कारखाने, दुकानं, एजन्सी मोठ्या संख्येने अजूनही 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याखालीच चालतात. एलएलपीचा कायदा 2008 चा आहे, त्याचे नियम वेगळे आहेत आणि प्रायव्हेट लिमिटेडचे तर पूर्णच निराळे.

पहिली गोष्ट बहुतेकांना पटत नाही, पण ती कायद्यात स्वच्छ लिहिलेली आहे. न येणाऱ्या भागीदाराला दोघांनी बहुमताने काढून टाकता येत नाही. कलम 33 सांगतं की भागीदाराला काढण्याचा अधिकार भागीदारीपत्रात दिलेला असला तरच तो वापरता येतो, आणि तोही सद्भावनेने. सीएच्या ऑफिसात छापील मसुद्यावरून केलेल्या भागीदारीपत्रांत असं कलम क्वचितच सापडतं. कलम 12 प्रमाणे प्रत्येक भागीदाराने पेढीचं काम मन लावून करणं बंधनकारक आहे, पण ते मोडलं म्हणून हिस्सा आपोआप घटत नाही. पत्रात वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफ्याची वाटणी समान, आणि काम करणाऱ्यालाही कामाचा पगार मागण्याचा हक्क नाही, असं कलम 13 म्हणतं. म्हणजे दोघं रोज बारा तास राबले आणि तिसरा घरी बसला, तरी पत्र गप्प असेल तर वर्षअखेरचा नफा तिघांत सारखाच.

मग उरतात तीन रस्ते. तो स्वतःहून निवृत्त होतो आणि बाकीचे संमती देतात, हा पहिला. पेढी मुदतीची नसेल, म्हणजे इच्छेवर चालणारी असेल, तर कोणीही भागीदार लेखी नोटीस देऊन ती विसर्जित करू शकतो, हा दुसरा. तिसरा रस्ता न्यायालयाचा: कलम 44 खाली एखादा भागीदार कायमचा असमर्थ झाला, कराराचा सतत भंग करत राहिला, किंवा विसर्जन न्याय्य वाटावं असं दुसरं काही कारण असलं तर दावा लावता येतो. तिसरा रस्ता लांबचा आहे. आधी प्राथमिक हुकूमनामा, मग हिशेब घेण्यासाठी आयुक्त, मग त्याच्या अहवालावर हरकती, मग अंतिम हुकूमनामा. तोवर मशीनं गंजतात.

विसर्जनाची नोटीस मात्र पुष्कळदा धाक म्हणून वापरली जाते, आणि इथे थांबून विचार करायला हवा. विसर्जन झालं की पेढी तिघांसाठीही संपते. कलम 46 प्रमाणे प्रत्येक भागीदाराला मागता येतं की मालमत्ता विकावी, देणी भागवावीत आणि उरलेलं वाटावं. जॉबवर्क करणाऱ्या छोट्या कारखान्याची खरी किंमत मोठ्या कंपनीकडे नोंदलेल्या वेंडर कोडमध्ये, ठरलेल्या दरांत आणि हाताशी असलेल्या चार चांगल्या ऑपरेटरांत असते. पेढी मोडली की कंपनीचं खरेदी खातं नव्याने सगळे कागद मागतं, आणि तेवढ्या वेळात काम दुसऱ्या शेडमध्ये गेलेलं असतं. म्हणून माझं मत ठाम आहे: निवृत्तीचा रस्ता तिघांच्याही फायद्याचा असतो, अगदी जाणाऱ्याच्याही. चालत्या धंद्यातला हिस्सा मोडीत काढलेल्या धंद्यातल्या हिश्श्यापेक्षा जवळजवळ नेहमीच मोठा भरतो.

आता किंमत. वाद पेटतो तो इथेच, आणि दोन्ही बाजू चुकीचा आकडा धरून बसतात. काम करणारे म्हणतात, “ताळेबंदात त्याच्या खात्यावर जेवढे आहेत तेवढे घे म्हणावं.” जाणारा म्हणतो, “उलाढाल दीड कोटीची आहे, माझा तिसरा हिस्सा पन्नास लाखांचा.” उलाढालीला हिश्श्याच्या किमतीशी थेट संबंध नाही. आणि पुस्तकातला आकडा आयकराच्या घसाऱ्यावर चालतो, बाजारावर नाही. मशीनवर दरवर्षी पंधरा टक्के घसारा लिहीत गेलं तर 20 लाखांचं मशीन 7 वर्षांनी वहीत साडेसहा लाखांच्याही खाली दिसतं. ते चालू स्थितीत असेल तर बाजारात त्याला त्याहून बरंच जास्त येतं. भागीदारीपत्रातच पुस्तकी किमतीने हिशेब करायचा असं लिहिलेलं असेल तर ते पाळावं लागतं. पत्र गप्प असेल तर सगळी मालमत्ता आणि सगळी देणी आजच्या खऱ्या किमतीला आणूनच हिस्सा काढायचा.

एक उदाहरण आकड्यांसकट सोडवून पाहू. समजा भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये तिघांचं सीएनसी जॉबवर्क आहे, हिस्से समान. एक मशीनं सांभाळतो, दुसरा ऑर्डर आणि वसुली बघतो, तिसरा गेलं दीड वर्ष येत नाही. 31 मार्च 2025 चा ताळेबंद असा: मशीनं 22 लाख, ग्राहकांकडून येणं 31 लाख, माल 9 लाख, शेडचं डिपॉझिट 4 लाख, बँकेत 6 लाख, एकूण 72 लाख. समोर बँकेचं कर्ज 24 लाख, पुरवठादारांचं देणं 12 लाख आणि तिघांची भांडवल खाती 15, 13 आणि 8 लाख. आठ लाख हे जाणाऱ्याचे, कारण मधल्या काळात त्याने उचल जास्त केली.

पुनर्मूल्यांकन हा बारावीच्या पुस्तपालनात सोडवून घेतात तसाच प्रकार आहे, फक्त इथे आकडे कुणीतरी जाऊन बघावे लागतात. जुन्या मशीनांचा व्यवहार करणारे दोन व्यापारी शेडवर येऊन लेखी भाव देतात आणि त्यांच्या सरासरीने मशीनं 41 लाखांची ठरतात, म्हणजे 19 लाखांची वाढ. येण्यातले 5 लाख एका कंपनीकडे दोन वर्षं अडकले आहेत, ते धरता येत नाहीत. मालात एक लाखाचा जुना, ड्रॉइंग बदललेला माल आहे, त्याची किंमत शून्य धरायची. आणि बारा कामगार असलेल्या या कारखान्याच्या ताळेबंदात ग्रॅच्युइटीची एक रुपयाचीही तरतूद नाही, ती 3 लाखांची निघते. ही ग्रॅच्युइटी छोट्या पेढ्यांत हमखास विसरली जाते, आणि तिचा भार मग राहणाऱ्या दोघांवर पडतो. वाढ आणि घट एकत्र केली तर निव्वळ वाढ 10 लाख. जाणाऱ्याचा तिसरा भाग 3.33 लाख.

यानंतर गुडविल, पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ख्याती. काम करणाऱ्यांना वाटतं की हे आपल्या घामाचं आहे, त्यात न येणाऱ्याचा काय संबंध. कायदा तसं मानत नाही. कलम 14 मध्ये गुडविल हे पेढीच्या मालमत्तेत स्पष्ट धरलेलं आहे. 1970 मध्ये मुंबईतल्या एका पेढीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भागीदार वारल्यावर उरलेल्यांनी धंदा पुढे चालवायचा असं पत्रात असलं, तरी तेवढ्यावरून वारसांचा गुडविलमधला हिस्सा बुडत नाही. तो बुडवायचा असेल तर पत्रात तसं ठरलेलं असायला हवं. हयात असून बाहेर पडणाऱ्याचा हक्क त्याहून कमी धरायला मला तरी कारण दिसत नाही.

पण काम करणाऱ्यांच्या म्हणण्यातही खरेपणा आहे, आणि त्याची जागा हिशेबात आहे. ती जागा हिस्सा कापण्यात नाही. नफा काढतानाच ती सापडते. तिघांच्या पगाराआधीचा गेल्या तीन वर्षांचा सरासरी नफा धरू 26 लाख. या नफ्यात दोघांची मेहनत फुकट धरलेली आहे. हेच काम करायला बाहेरून दोन जाणते मॅनेजर ठेवले असते तर प्रत्येकाला महिना 60 हजार द्यावे लागले असते, वर्षाला दोघांचे 14.4 लाख. ते वजा केले की उरतात 11.6 लाख. पुनर्मूल्यांकनानंतरचं तिघांचं भांडवल 46 लाख, त्यावर बारा टक्क्यांनी परतावा साडेपाच लाख, तोही वजा करायचा, कारण भांडवलाची किंमत आपण वर धरलेलीच आहे. उरले साधारण 6 लाख. हा खरा जादा नफा, जो ना कुणाच्या घामाचा ना भांडवलाचा. तो धंद्याच्या नावाचा, वेंडर कोडचा, बसलेल्या घडीचा.

या 6 लाखांना किती वर्षांनी गुणायचं, हा अंदाजाचा भाग आहे आणि तो उघडपणे अंदाज म्हणूनच मांडावा. ग्राहक पुष्कळ आणि विखुरलेले असतील तर तीन वर्षं, कधी जास्तही. दोन कंपन्यांवर सगळं काम अवलंबून असेल तर दोनच्या वर जाऊ नये. एक कंपनी सुटली तर जादा नफा त्याच महिन्यात नाहीसा होतो. आपल्या उदाहरणात दोन धरू. गुडविल 12 लाख, जाणाऱ्याचा तिसरा भाग 4 लाख.

दोघांचा पगार वजा केला नसता तर काय झालं असतं, हे पाहण्यासारखं आहे. जादा नफा साडेवीस लाख, गुडविल 41 लाख, आणि जाणाऱ्याचा हिस्सा साडेतेरा लाखांच्या पुढे. म्हणजे उद्यापासून दोघं जे काम करणार त्याचेही पैसे आज त्याला मोजून दिले असते. जाणाऱ्याला गुडविल अजिबात न देणं आणि मेहनतीचं मोल न कापता गुडविल देणं, हे दोन्ही सारखेच अन्याय आहेत. कामाचा मोबदला आणि मालकीचा मोबदला वेगळे केले की निम्मं भांडण तिथेच संपतं.

राहिला मागचा हिशेब. आपल्या पेढीच्या पत्रात प्रत्येक कार्यरत भागीदाराला महिना 40 हजार पगार आहे, आणि तिसऱ्याने न येताही दीड वर्ष तो उचलला, एकूण 7.2 लाख. पत्राप्रमाणे पगार काम करणाऱ्याला आहे, त्यामुळे हे पैसे परत मागायला आधार आहे. आयकरही फक्त प्रत्यक्ष काम पाहणाऱ्या भागीदाराचा पगार खर्च म्हणून मान्य करतो. पण या काळातल्या एखाद्या वर्षाचे हिशेब दोघांनी सही करून मान्य केले असतील, तर तेवढा आधार दुबळा होतो. म्हणून तो यायचा थांबल्याच्या पहिल्या-दुसऱ्या महिन्यात एक साधं पत्र द्यायला हवं: अमुक तारखेपासून आपण येत नाही आहात, त्या तारखेपासून पगार थांबवत आहोत, आपलं म्हणणं कळवा. मैत्रीत असं पत्र द्यायला हात धजत नाही हे खरं, पण दीड वर्षाने सात लाख मागण्यापेक्षा ते कितीतरी सौम्य आहे.

या वसुलीत एक चूक सर्रास होते. 7.2 लाख जाणाऱ्याच्या हिश्श्यातून सरळ कापले जातात. पण तो पैसा पेढीचा आहे, आणि पेढीत तिसरा हिस्सा त्याचाही आहे. तो पेढीत परत आला की तिघांच्या खात्यावर प्रत्येकी 2.4 लाख जमा होणार. म्हणजे त्याच्याकडून निव्वळ कपात 4.8 लाखांची. आता बेरीज करू: खात्यावरचे 8 लाख, पुनर्मूल्यांकनाचे 3.33, गुडविलचे 4, वजा 4.8. त्याला देणं निघतं सुमारे साडेदहा लाख.

तो न येण्याचं कारण काय, यानेही हिशेब बदलतो. अर्धांगवायूने घरी बसलेल्या माणसाकडून पगाराची वसुली मागणं मला योग्य वाटत नाही, आणि अशा ठिकाणी दोघांनी ती सोडून द्यावी. उलट तो चाकणला स्वतःचं जॉबवर्क थाटून बसला असेल तर गोष्ट गंभीर होते. भागीदार असताना पेढीशी स्पर्धा करणारा तसाच धंदा केला तर त्यातला नफा पेढीला हिशेबाने द्यावा लागतो, असं कलम 16 म्हणतं. ही रक्कम पगाराच्या वसुलीपेक्षा मोठी असू शकते. निवृत्त झाल्यावर मात्र तो स्पर्धा करू शकतो. त्याला पेढीचं नाव वापरता येत नाही आणि पेढीच्या जुन्या ग्राहकांकडे काम मागायला जाता येत नाही. याहून जास्त बंधन हवं असेल तर निवृत्तीपत्रात ठराविक मुदत आणि ठराविक परिसर लिहून, वाजवी मर्यादेत ते घालता येतं. गुडविलचे पैसे घेणाऱ्याने अशा बंधनाला नाही म्हणू नये.

क्रमाबद्दल थोडं. आधी निवृत्तीची तारीख ठरवावी, शक्यतो महिनाअखेर किंवा 31 मार्च. मग मूल्यांकनाची पद्धत लिहून तिघांनी सही करावी: मशीनांचे भाव कोण देणार, किती दिवसांपलीकडचं येणं बुडीत धरायचं, दोघांचा पगार किती धरायचा, जादा नफ्याला कितीने गुणायचं. आकडे काढायला नंतर बसावं. आकडा दिसल्यावर पद्धत ठरवायला गेलं की प्रत्येक जण आपल्याला सोयीची पद्धत शोधतो. काम बघणाऱ्या सीएने तिघांचंही काम बघितलेलं असतं, म्हणून या एका कामासाठी बाहेरचा सीए नेमणं बरं.

कराचं गणितही सही करण्याआधी मांडावं लागतं. 2021 पासून आयकरात अशी तरतूद आहे की निवृत्त होणाऱ्याला त्याच्या भांडवल खात्याच्या वर जी रक्कम मिळते तिच्यावरचा कर पेढीला लागतो. त्या खात्यात पुनर्मूल्यांकनाची आणि स्वतः कमावलेल्या गुडविलची वाढ धरत नाहीत. आपल्या उदाहरणात खात्याचे 3.2 लाख आणि देणं साडेदहा लाख, म्हणजे वरचे सात लाखांहून अधिक करात येतात, आणि तो कर राहणारे दोघं भरतात. तो कुणी सोसायचा हे पत्रात नसेल तर सहा महिन्यांनी नवं भांडण उभं राहतं. पेढीच्या नावावर जागा असेल तर मुद्रांक शुल्क तपासावं, आणि प्लॉट एमआयडीसीचा असेल तर भागीदार बदलण्याआधी महामंडळाची परवानगी काढावी.

सह्या झाल्यावरची कामं कंटाळवाणी आहेत, पण त्यातलं एक चुकलं तर जाणारा अडकतो. निवृत्तीची जाहीर नोटीस निघेपर्यंत त्याची बाहेरच्यांबद्दलची जबाबदारी चालूच राहते. नोंदणीकृत पेढीसाठी जाहीर नोटीस म्हणजे निबंधकाकडे सूचना, राजपत्रात प्रसिद्धी आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात. जीएसटीतला बदल पंधरा दिवसांत कळवायचा. पेढी नोंदलेली नसेल तर महाराष्ट्रात पूर्वी फार अडचण होती. 1984 च्या राज्य दुरुस्तीने अशा पेढीच्या भागीदाराला विसर्जनाचा किंवा हिशेबाचा दावाच लावता येत नसे. ती दुरुस्ती 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. तरीही नोंदणी नसलेल्या पेढीला येणं वसूल करायला दावा लावता येत नाही, तेव्हा नोंदणी करून घेणंच शहाणपणाचं.

भागीदार दोनच असतील तर गणित निराळं होतं. एक गेला की भागीदारीच उरत नाही, धंदा एकट्याचा होतो. पॅन बदलतो, जीएसटी क्रमांक नवा घ्यावा लागतो, शिल्लक क्रेडिट वेगळा अर्ज करून वळवावं लागतं, आणि वेंडर कोडही पुन्हा काढावा लागतो. अशा वेळी घरातल्या एखाद्या विश्वासू माणसाला आधी भागीदार म्हणून घेऊन मग जाणाऱ्याची निवृत्ती केली तर पेढी अखंड राहते. त्यासाठी जाणाऱ्याची संमती लागते, म्हणून हे बोलणं संबंध पुरते बिघडण्याआधी करावं.

पैसे द्यायचे कसे, हे शेवटी येतं आणि सगळ्यात जास्त तिथेच बिनसतं. साडेदहा लाख एकदम काढले तर पगाराला आणि मालाला पैसा उरत नाही. सहीच्या दिवशी 3 लाख आणि उरलेले साडेसात लाख दरमहा 50 हजारांनी पंधरा महिन्यांत, नऊ टक्के व्याजाने, अशी मांडणी पेढीला झेपते. दोन हप्ते लागोपाठ चुकले तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय होईल, हे वाक्य जाणाऱ्याने आग्रहाने घालून घ्यावं. राहणाऱ्यांनीही हिशेब लोंबकळत ठेवू नये. अंतिम हिशेब न करता धंदा चालू ठेवला तर, वेगळा करार नसेल, त्याला कलम 37 प्रमाणे निवड मिळते: त्याच्या हिश्श्याच्या मालमत्तेवर झालेला नफा घ्यायचा, की दरसाल सहा टक्के व्याज. नफा चांगला असेल तर तो नफाच मागेल, आणि तो किती हे ठरवायला पुन्हा सगळ्या वह्या उघडाव्या लागतील.

आणि बँक. 24 लाखांच्या कर्जाला तिघांच्याही वैयक्तिक हमी असतात. निवृत्तीपत्रात दोघांनी कितीही लिहून दिलं की आता सगळी देणी आमची, तरी बँकेला ते बांधील नाही. बँक लेखी मोकळीक देत नाही तोवर जाणाऱ्याचं घर आणि सही अडकलेलीच असते. निवृत्ती कळताच बँक जुन्या कॅश क्रेडिट खात्यावरचे व्यवहार थांबवून नवं खातं उघडायला सांगू शकते, त्यामुळे पगाराच्या आठवड्यात हे पत्र बँकेत नेऊ नये. आधी शाखेत बोलून नवी मंजुरी हातात घ्यावी, हमीतून मोकळं केल्याचं पत्र निवृत्तीपत्रासोबतच मिळेल असं बघावं, आणि ते पत्र मिळेपर्यंत पहिला 3 लाखांचा चेक झाला तरी जाणाऱ्याने निवृत्तीपत्राची मूळ प्रत आपल्याकडेच ठेवावी.